पाणी म्हणे रात्री आलं

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती आणि मी ओट्याला टेकून लॅपटॉपवर अर्जाचा मजकूर नीट करत होते. भाषांतर अभ्यासात एम. ए. करायचं ठरवलंय, त्यासाठी हजार शब्दांचं स्टेटमेंट द्यावं लागतं. हा विषय का शिकायचाय, आजवर काय केलंय, कोणता प्रश्न घेऊन येताय, हे सगळं इंग्रजीत. आई म्हणाली, "एवढे आठ दिवस लिहितेयस, मला तरी वाचून दाखव की." मग मी इंग्रजीवर नजर ठेवून मराठीत सांगायला लागले. रोजचंच काम, त्यामुळे अडखळायचं कारण नव्हतं. "२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आमच्या गल्लीत शिरली. रात्री दोनच्या सुमाराला शेजारच्या दुकानात पाणी घुसलं आणि पहाटेपर्यंत कमरेएवढं झालं." आईचा हात थांबला. मेथीची काडी तशीच हातात धरून तिने वर बघितलं.

"पण तू कुठं होतीस तेव्हा? पुण्यात होतीस की."

बरोबरच होतं तिचं. मी पुण्यात होते. आई-बाबासुद्धा आदल्या दिवशीच मिरजेला मावशीकडे गेले होते. रात्री दोनला आमच्या गल्लीत पाणी शिरताना आमच्या घरातल्या कुणीही पाहिलेलं नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं, पाणी खरंच आलं होतं. पण हेच मी आईशी बोलताना मराठीत सांगितलं असतं, तर माझ्या तोंडून आपसूक आलं असतं, "पाणी म्हणे रात्री दोनला आलं." इंग्रजीत लिहिताना ते म्हणे कुठे गळलं, ते मला कळलंही नाही. आणि नेमकी हीच चूक माझ्या हातून पूर्वी एकदा झालेली आहे. तेव्हा तिची झळ मला लागली नव्हती, दुसऱ्याच माणसाला लागली होती. ती गोष्ट मी या स्टेटमेंटमध्ये आणली होती ती "मी पुरात लोकांना मदत केली" एवढ्यापुरती. मधली चूक वगळून.

माझं काम असं की सकाळी एका मासिकासाठी मराठीत लिहायचं आणि दुपारी हळदीच्या व्यापाऱ्यांची पत्रं इंग्रजीत करायची. मार्केट यार्डातला माणूस राजापुरी हळदीबद्दल बोलताना गट्ठा म्हणतो, मी बल्ब लिहिते. तो हळकुंड म्हणतो, मी फिंगर लिहिते. अशा शब्दांची फार काळजी करावी लागत नाही. वस्तू समोर असते, दोन्ही भाषांत तिला नाव असतं, आणि चुकलं तर माल घेणारा दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो. खूप वर्षं मला वाटायचं की भाषांतरात अवघड असतात ते असले शब्द, नाहीतर म्हणी, नाहीतर ओव्या. पुरानंतर ज्या तीन शब्दांनी मला अडवलं, ते इतके साधे आहेत की शब्दकोशात बघायचं कुणाच्या मनातही येणार नाही. आमचं, म्हणे आणि असेल.

पाणी उतरल्यावर मी पुण्याहून आले तेव्हा गल्लीत गाळ होता आणि भिजून फुगलेल्या डाळींचा आंबूस वास घराघरातून येत होता. मारुती चौकाकडे जाताना आमच्या पुढे दोन दुकानं सोडून काकांचं किराणा दुकान आहे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, काकाच म्हणते. काकांनी विमा उतरवला होता. नुकसान पाहायला आलेला सर्व्हेअर परराज्यातला होता, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. काकांनी दोन पानी जबाब स्वतःच्या हाताने मराठीत लिहून काढला होता आणि तो इंग्रजीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यातला मधला परिच्छेद माझ्या वहीत अजून आहे:

"आमचं दुकान मारुती चौकाजवळ आहे. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर आहे. माल त्या खुणेच्या वर फळ्यांवर ठेवून संध्याकाळी दुकान बंद केलं आणि मुलीकडे विश्रामबागला गेलो. पाणी म्हणे रात्री दोनच्या सुमारास आत शिरलं, सगळीकडून आलं, पहाटेपर्यंत गल्ल्याला लागलं. आत चार फूट तरी असेल. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा साखरेची सहा पोती विरघळून गेली होती, पोहे, चुरमुरे आणि वह्या यांचा लगदा झाला होता."

मी हे अर्ध्या तासात केलं. व्याकरण शुद्ध होतं, स्पेलिंग बरोबर होती, वाक्यं मूळच्या क्रमाने होती. चार दिवसांनी सर्व्हेअरचे तीन प्रश्न आले. पहिला, दुकान आपलं असं लिहिलंय आणि पॉलिसी एकाच्या नावावर आहे, तर भागीदार कोण? दुसरा, पाणी आत शिरताना आणि चढताना तुम्ही जागेवर हजर होता, मग माल हलवायचा प्रयत्न का केला नाही? तिसरा, तुम्ही पाणी चार फूट होतं म्हणता, भिंतीवरची गाळाची रेघ तीन फूट दोन इंचांवर आहे, हा फरक कसा?

त्यातला दुसरा प्रश्न सर्व्हेअरने काकांना समोरासमोर हिंदीत विचारला होता. काका तसेच आमच्या जिन्यात आले. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "बाळ, मी तिथं उभा राहून बघत होतो, असं लिहिलंस व्हय तू?"

मी नाही म्हणाले. असं मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. "गेलो" हे विश्रामबागचं वाक्य पण मी इंग्रजीत केलं होतं. रात्री दोन्ही कागद जवळजवळ ठेवून वाचले, तेव्हा दिसलं ते असं. विश्रामबागच्या वाक्यानंतर लगेच माझ्या इंग्रजीत पाणी आत शिरतं, सगळीकडून येतं, पहाटेपर्यंत चढतं, चार फूट होतं, मग शटर उघडतं. सगळी क्रियापदं एकाच साध्या भूतकाळात, एकाच आवाजात. वाचणाऱ्याला वाटणार की सांगणाऱ्याने हे सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलंय, संध्याकाळी मुलीकडे जाऊन तो रात्री परत आला असावा. नाहीतर "दोनच्या सुमारास", "सगळीकडून", "गल्ल्याला" इतका तपशील त्याला कसा माहीत? विमा कंपनीच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त होता. नुकसान कमी करण्यासाठी विमाधारकाने शक्य ती खबरदारी घ्यावी, ही अट पॉलिसीत असतेच. हजर असलेल्या माणसाकडून जी अपेक्षा असते, ती तीन किलोमीटर लांब झोपलेल्या माणसाकडून नसते.

आणि काकांनी हे सगळं वेगळं वेगळं करून ठेवलेलं होतं.

त्या परिच्छेदात तीन तऱ्हेचं ज्ञान आहे. काही ऐकलेलं, काही अंदाजाचं, काही पाहिलेलं. ऐकलेल्यावर म्हणे आहे. अंदाजावर असेल आहे. पाहिलेल्यावर काहीच नाही, नुसतं "झाला होता". हे काकांनी ठरवून केलेलं नाही, आपण कुणीच ठरवून करत नाही. पण जबाबाला लागते तेवढी काटेकोर वर्गवारी त्यांच्या मराठीत आधीच झालेली होती आणि मी ती पुसून एक सपाट इंग्रजी परिच्छेद सर्व्हेअरच्या हातात दिला.

आमचं या शब्दाचा उलगडा त्यातल्या त्यात सोपा होता. दुकान एकट्याचं असलं तरी आपल्याकडे माणूस "माझं दुकान" सहसा म्हणत नाही. म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते जरा मिरवल्यासारखं वाटतं, शिवाय त्यात वडिलांनी टाकलेलं दुकान, बायकोने पुड्या बांधलेली वर्षं, गल्ल्यावर बसणारा मुलगा यांना वगळल्यासारखं होतं. म्हणून आमचं. ते अनेकवचन मालकीचं नाही, घराचं आहे. मी त्याचं अवर केलं आणि सर्व्हेअरला त्यात भागीदार दिसला. तिथे माय लिहायला हवं होतं. शब्दाला शब्द ठेवल्याने अर्थ बदलला, एवढी साधी गोष्ट.

असेल हाही तसा सोपा. दिसायला भविष्यकाळ, कामाला अंदाज. "बाबा आता बँकेत असतील" म्हणताना आपण पुढचं काही सांगत नाही, आत्ताचंच अदमासाने सांगतो. आणि "तरी असेल" म्हटलं की तो अंदाज सैल हाताने केलाय हेही कळतं. इंग्रजीत मी सरळ वॉज लिहिलं आणि अदमास मोजमाप होऊन बसला. मोजमाप झालं की ते पट्टीने तपासता येतं, आणि रेघ निघाली तीन फूट दोन इंचांवर. दहा इंचांच्या फरकाने माणूस खोटा ठरू शकतो, हे मला तेव्हा प्रथम कळलं. तिथे मस्ट हॅव बीन अबाउट असं काही हवं होतं. इंग्रजीत त्याची सोय आहे, मी वापरली नाही.

पण म्हणे. या शब्दापाशी मी आजही थांबते.

म्हणणे या क्रियापदाचंच हे जुनं रूप. "तुका म्हणे" मध्ये आहे तेच. अभंगात म्हणणाऱ्याचं नाव पुढे असतं, ती त्याची मुद्रा असते, शब्दांची जबाबदारी त्याची. रोजच्या बोलण्यातल्या म्हणे मध्ये नाव झडून गेलंय, नुसतं म्हणणं उरलंय. कोण म्हणे? कुणीतरी. गल्ली म्हणे, होडीवाले म्हणे, फोनवर कुणी म्हणे. सांगणारा एवढंच कळवतो की हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, माझ्यापर्यंत आलेलं आहे. आणि याचा आवाका किती असतो बघा. काकांच्या वाक्यात म्हणे एकदाच आहे, "शिरलं" च्या आधी. पण "सगळीकडून आलं" आणि "पहाटेपर्यंत गल्ल्याला लागलं" हे दोन्ही त्याच म्हणेच्या सावलीत आहेत. मराठी कानाला हे सांगावं लागत नाही. ती सावली कुठे संपते, तर "असेल" पाशी, कारण तिथून काकांचा स्वतःचा अदमास सुरू होतो. भाषांतर करणाऱ्याने म्हणे पकडलं तरी ती सावली किती वाक्यांवर पडलीय हे ओळखलं नाही, तर पहिलं वाक्य ऐकीव आणि पुढची दोन आँखों देखी, असा आणखी विचित्र जबाब तयार होतो.

भाषाशास्त्रज्ञ रोमन याकबसनचा १९५९ चा भाषांतरावरचा निबंध मी या पुरानंतर वाचला. त्यातलं एक म्हणणं मला पाठ झालंय. भाषांमधला खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसतो, काय सांगितल्याशिवाय सुटका देत नाहीत यात असतो. मराठीत मी "गेले" की "गेलो" हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही, इंग्रजीत बाई आहे की पुरुष हे न सांगता हवं तितकं जाता येतं. समोरच्याला धरून "आपण" की सोडून "आम्ही", हेही मराठी आपल्याकडून वदवून घेते. माझ्या अनुभवात ही सक्तीची गोष्ट भाषांतरात क्वचित हरवते. तिची जागा रिकामी राहिली की वाक्य खटकतं, वाचणारा विचारतो. हरवतं ते ऐच्छिक. म्हणे मराठीतही सक्तीचं नाही. काढून टाकलं तरी वाक्य तितकंच शुद्ध राहतं, भोक पडत नाही. तुर्कीत ऐकीव माहितीची खूण भूतकाळी क्रियापदाच्या प्रत्ययातच येते, आला हे पाहून सांगताना वेगळं रूप आणि ऐकून सांगताना वेगळं. काकांनी तुर्कीत जबाब लिहिला असता, तर ते प्रत्यय माझ्या डोळ्यांत भरले असते. मराठीने हे काम एका सुट्या, दोन अक्षरी शब्दावर सोपवलंय आणि तो सहज सांडतो.

बरं, सांडू द्यायचा नाही म्हटलं तर इंग्रजीत ठेवायचं काय? त्या रात्री मी वहीत ओळीने शब्द मांडले. अलेजेडली. यात आरोपाचा वास येतो, जणू पाणी आलं की नाही याचीच शंका. अपॅरंटली. यात सांगणाऱ्याची स्वतःची खात्री डळमळते आणि विम्याच्या कागदावर डळमळणं परवडत नाही. रिपोर्टेडली. हे वर्तमानपत्राचं, किराणा दुकानदाराच्या तोंडी शोभत नाही. दे से. हे एखाद्या दंतकथेसारखं. आय वॉज टोल्ड. हे सगळ्यांत जवळचं. पण ते लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कुणी सांगितलं? मराठीतलं म्हणे हा प्रश्न शांत करतं, इंग्रजीतलं टोल्ड तो उठवतं. म्हणजे नुसता शब्द शोधून भागणार नव्हतं. मराठीने जी माहिती मागितलीच नव्हती, ती मला आणावी लागणार होती.

म्हणून सकाळी काकांकडे गेले. दुकानात ते फळीवर बसून ओल्या वह्या सोडवत होते. विचारलं, "काका, पाणी दोनला आलं हे तुम्हाला कोण म्हणालं?"

"अगं, सगळेच म्हणत होते."

"पहिल्यांदा कोण म्हणालं?"

ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू घर सोडून गेले नव्हते, त्यांनी रात्री फोन केला होता. फोन काढून बघितला. त्या रात्रीचा कॉल होता, दोन वाजून दहा मिनिटांचा. पहाटे गल्ल्याला पाणी लागल्याचंही त्यांनीच जिन्यातून टॉर्च मारून बघितलं होतं आणि पुन्हा फोन केला होता. एवढं कळल्यावर दुरुस्तीचा जबाब अवघ्या तीन वाक्यांत झाला. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहिलेल्या शेजाऱ्यांनी मला फोन करून कळवलं की पाणी आत शिरलंय. पहाटे त्यांनीच पुन्हा कळवलं की पाणी गल्ल्यापर्यंत आलंय. मी त्या रात्री विश्रामबागला होतो. सोबत कॉलचा फोटो जोडला, चार फुटांच्या जागी अंदाजे हा शब्द घातला, अवरचं माय केलं. सर्व्हेअरने नंतर पुन्हा काही विचारलं नाही. पैसे यायला वेळ लागला आणि मागितले तेवढे मिळाले नाहीत, पण हजर असण्याचा मुद्दा कागदावरून गेला.

भाषांतराच्या अभ्यासात याला एक्स्प्लिसिटेशन म्हणतात, मुळात अध्याहृत असलेलं भाषांतरात उघड करणं. शोशाना ब्लुम-कुल्का यांनी १९८६ मध्ये असं मांडलं की दोन भाषांमधले फरक बाजूला ठेवले तरी भाषांतराच्या क्रियेतच ही उघड करण्याची ओढ असते. माझ्याकडून पहिल्या वेळी उलटं झालं होतं, उघड असलेलंच मी झाकलं. दुसऱ्या वेळी उघड केलं ते टेबलाशी बसून जमलं नाही, गाळातून चालत जाऊन विचारावं लागलं.

त्यानंतर जबाब, अर्ज, मुलाखत असलं काही हाती आलं की मी भाषांतर सुरू करण्याआधी मुळातल्या प्रत्येक क्रियापदावर पेन्सिलीने एक अक्षर लिहिते. पा म्हणजे पाहिलेलं, ऐ म्हणजे ऐकलेलं, अं म्हणजे अंदाज. जिथे अक्षर लिहिता येत नाही तिथे भाषांतर करायचं नाही, आधी विचारायचं. उलट भाषांतर करून तपासण्याची पद्धत मी आधीपासून वापरत होते, म्हणजे माझं इंग्रजी दुसऱ्याकडे देऊन त्याचं मराठी करून घ्यायचं. पण त्याने ही चूक सापडत नाही. "पाणी रात्री दोनला आत शिरलं" असं वाक्य परत येतं आणि ते इतकं निर्दोष दिसतं की डोळा त्याच्यावरून पुढे सरकतो. मुळाशी शब्द न् शब्द जुळवला तरच काय गेलं ते दिसतं. किंवा मग ऐकणाऱ्याला तू कुठे होतीस हे माहीत असावं लागतं. आईने त्या संध्याकाळी मेथी निवडताना केलं ते हेच.

माझी पेन्सिल जिथे चालत नाही अशाही जागा आहेत. "मोठा साहेब झालाय म्हणे!" यात ऐकीव माहिती कमी आणि टोचणी जास्त. "एक होता म्हणे राजा" यात ऐ लिहून काय साधणार? लहान मूल "मी म्हणे शाळेत जाणारच नाही" म्हणतं, तेव्हा तर ते स्वतःचंच बोलणं दुसऱ्याचं असल्यासारखं बाहेर ठेवून बघत असतं. आणि मुख्य म्हणजे कथा-कादंबरीत वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू नसतात. लेखकाने "तिचा नवरा म्हणे मुंबईला दुसरं घर करून राहिला होता" असं लिहिलं, तर कोण म्हणे हे विचारायला मी कुठे जाऊ? तिथे कुजबूज करणारं सबंध गाव त्या दोन अक्षरांत आहे. इंग्रजीत पीपल सेड लिहिलं तर ते गाव वाक्याच्या पुढे येऊन उभं राहतं, मुळात ते आडोशाला होतं. काही लिहिलं नाही, तर नवऱ्याने घर केलं हे सत्य होऊन जातं आणि त्या बाईची सगळी गोष्टच बदलते. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि एम. ए. ला जायचंय ते यासाठी. इंग्रजीत गेलेल्या मराठी कथा घ्यायच्या, मुळातलं प्रत्येक म्हणे मोजायचं, त्याच्या जागी भाषांतरकाराने काय ठेवलंय किंवा काही ठेवलंच नाही ते बघायचं, आणि गळलं असेल तर त्या पानावर कोण साक्षीदार होऊन बसलंय हे तपासायचं.

हे सगळं मला नीट माहीत होतं आणि तरी स्टेटमेंटमध्ये मी स्वतःच साक्षीदार होऊन बसले होते. याचं मला अजून वाईट वाटतं. कारणही दिसतंय. असं स्टेटमेंट लिहिताना प्रत्येक वाक्य मी पासून सुरू होतं. मराठीत मी गाळता येतो, क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत तो गाळता येत नाही, दर ओळीला उभा करावा लागतो आणि इतक्या वेळा उभा केला की तो जिथे नव्हता तिथेही जाऊन उभा राहतो. पहिल्या मसुद्यात शेवटी एक वाक्य होतं, भाषांतर म्हणजे दोन काठांमधला पूल, आमच्या आयर्विन पुलासारखा. ते मी आईने विचारल्यावर त्याच रात्री काढलं. पावसाळ्यात सांगलीत कुणी आयर्विनवरून पलीकडे जाण्याबद्दल बोलत नाही. "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्या वर्षी आकडा सत्तावन्न फुटांच्या वर गेला होता. आमच्यासाठी तो पूल म्हणजे मोजपट्टी आहे. मी ते वाक्य सांगलीतल्या कुणाचं ऐकून लिहिलं नव्हतं, अर्जात शोभतं म्हणून लिहिलं होतं.

नव्या मसुद्यात काकांचा जबाब आहे, तीन प्रश्न आहेत, माझी चूक आहे. "मी पुण्यात होते, मला हे नंतर कळलं" हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात आहे. शब्द हजाराच्या वर जात होते, म्हणून शाळेतल्या बक्षिसांबद्दलच्या दोन ओळी गेल्या. पण काकांना न विचारता त्यांची गोष्ट पाठवणं बरं वाटेना. काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा गेले आणि वाक्य वाक्य करून मराठीत ऐकवलं. ते गल्ल्यावर हात ठेवून ऐकत होते. त्या हातापासून चार बोटांवर भिंतीतली रेघ अजून आहे, रंग दिला तरी खालून दिसते.

"यात मी उभा होतो, असं नाही ना कुठं?"

"नाही काका."

"मग हेही घाल. त्या रात्री पाऊस नव्हता. चांदणं होतं."

मी पेन्सिल काढली. "चांदणं होतं म्हणे, की तुम्ही बघितलंत?"

"बघितलं की. झोप कुठं येतीय? पोरीच्या गच्चीवर होतो तीनपर्यंत."

मी पा लिहिलं.